डेटा 'इज' की डेटा 'आर'?

शोधनिबंध तपासून परत येतो तेव्हा त्याच्या समासात बऱ्याचदा एक छोटीशी दुरुस्ती दिसते. लेखकाने 'डेटा वॉज कलेक्टेड' असे लिहिलेले असते आणि परीक्षकाने 'वॉज' खोडून तिथे 'वेअर' केलेले असते. पुढच्या निबंधात तोच लेखक आठवणीने 'डेटा वेअर' लिहितो, तर दुसऱ्या नियतकालिकाचा संपादक ते पुन्हा 'वॉज' करून पाठवतो. लेखक मराठी माध्यमातून शिकलेला असला, की आपले इंग्रजीच कच्चे आहे अशी त्याची समजूत होते. ती समजूत चुकीची आहे. या एका शब्दाबाबत इंग्रजीनेच दोन वाटा उघड्या ठेवल्या आहेत, दोन्ही वाटांना आधार आहे, आणि कुठे कोणती धरायची हे शिकता येते.

'डेटा' हा मूळचा लॅटिन शब्द. 'डेटम' म्हणजे दिलेली एक गोष्ट. तिचे अनेकवचन 'डेटा'. सतराव्या शतकात तो इंग्रजीत आला तेव्हा गणिती आणि धर्मशास्त्री तो एका खास अर्थाने वापरत. वाद किंवा सिद्धता सुरू करण्याआधी जे गृहीत धरायचे, ज्यावर प्रश्न विचारायचा नाही, ते म्हणजे डेटा. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत हा अर्थ जवळजवळ उलटा झाला. प्रयोगातून आणि निरीक्षणातून जे हाती येते, त्याला डेटा म्हणू लागले. अर्थ बदलला तरी वचन बदलले नाही, कारण निरीक्षणे सुटी सुटी असत. वहीत एकाखाली एक लिहिलेली, प्रत्येक वेगळी. त्यामुळे 'डेटा आर' हे शाळेत शिकवलेले लॅटिन तर होतेच, पण लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोरचे चित्रही तेच होते.

विसाव्या शतकात संगणक आला आणि ते चित्र बदलले. डेटा आता साठवला जातो, हलवला जातो, त्याच्यावर प्रक्रिया होते. तो किती आहे हे नगांत सांगत नाहीत, बाइटमध्ये मोजतात. जी गोष्ट मोजायची नसून मापायची असते ती इंग्रजीत एकवचनी चालते. 'इन्फर्मेशन' हा शब्द तसाच चालतो. 'डेटा इज' हे रूप रुळले ते या वापरामुळे. त्याला निव्वळ अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी हा बदल लक्षात घेतलेला नाही.

मराठी वाचकाला हा भेद समजायला अवघड जाऊ नये, कारण आपण तो रोज करतो. 'आकडे जाहीर झाले' असेही आपण म्हणतो आणि 'आकडेवारी जाहीर झाली' असेही. पहिल्यात सुटे आकडे आहेत, दुसऱ्यात त्यांचा एकत्रित समूह. मराठीत त्यासाठी दोन नामे आहेत, इंग्रजीत एकाच नामावर दोन्ही कामे पडली आहेत. आणखी एक गोष्ट मराठी लेखकाच्या बोटांत भिनलेली असते. मराठीत 'डेटा' सरळ पुल्लिंगी एकवचनी झाला आहे: डेटा मिळाला, डेटा गेला, डेटा संपला. म्हणून इंग्रजी लिहिताना 'वॉज' आपोआप उमटतो. सवय वाईट नाही, पण ती ओळखून असावे.

आता खरी कसोटी पाहू. एखादे नाम खरोखर अनेकवचनी आहे का, हे ठरवायचा सोपा मार्ग म्हणजे त्याच्यामागे संख्या लावून बघणे. 'डेटा आर'चा कितीही आग्रह धरणारा शास्त्रज्ञ 'सेव्हन डेटा' असे लिहीत नाही. सात मोजायचे झाले तर तो 'सेव्हन डेटा पॉइंट्स' लिहितो. 'धीज डेटा' चालते, 'मेनी डेटा' ओढूनताणून चालते, पण सात किंवा बारा चालत नाही. म्हणजे अनेकवचनी क्रियापद घेणाऱ्यांच्या लेखीही तो पुरता मोजता येणारा शब्द राहिलेला नाही. त्याचे एकवचनही कामाचे उरलेले नाही. 'डेटम' जिवंत आहे तो मुख्यतः भूमापनात, जिथे उंची किंवा स्थान ज्या आधारापासून मोजतात त्याला डेटम म्हणतात. आणि तिथे त्याचे अनेकवचन 'डेटा' होत नाही, 'डेटम्स' होते.

हीच कसोटी इतर लॅटिन आणि ग्रीक शब्दांना लावली की गोंधळ बराच कमी होतो. 'बॅक्टेरिया'च्या मागे संख्या लागते. तीन बॅक्टेरिया असतात, एक असेल तर तो बॅक्टेरियम. 'क्रायटेरिया' आणि 'फिनॉमिना' यांचेही तसेच. निकष चार असतील तर क्रायटेरिया, एक असेल तर क्रायटेरियन. त्यामुळे 'बॅक्टेरिया इज' किंवा 'धिस क्रायटेरिया' ही वैज्ञानिक लेखनात सरळ चूक आहे आणि 'डेटा इज चालते, मग हे का नाही' हा युक्तिवाद टिकत नाही. दुसऱ्या टोकाला 'अजेंडा' आहे. तोही मुळात लॅटिन अनेकवचन, पण आज त्याला कोणी अनेकवचनी क्रियापद लावत नाही. उलट त्याचे स्वतःचे 'अजेंडाज' असे अनेकवचन तयार झाले आहे. डेटा या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी उभा आहे.

प्रयोगशाळेत सर्वांत जास्त चुकतो तो शब्द मात्र 'मीडिया'. जिवाणू वाढवायच्या पोषक द्रावणाला मीडियम म्हणतात. आपल्याकडच्या प्रयोगशाळांत बोलताना सगळे 'मीडिया बनवला', 'मीडिया ओतला' असेच म्हणतात आणि ते तसेच निबंधात उतरते: 'द मीडिया वॉज ऑटोक्लेव्हड'. द्रावण एकाच प्रकारचे असेल, मग ते पाच लिटर का असेना, तर 'द मीडियम वॉज' हवे. दोन वेगवेगळ्या घटकांची द्रावणे असतील तर 'द मीडिया वेअर'. हा फरक नुसत्या व्याकरणाचा नाही. वाचणाऱ्याला त्यावरून कळते की प्रयोगात द्रावण एक होते की अधिक, आणि प्रयोग पुन्हा करू पाहणाऱ्याला ते कळणे भाग असते.

'डेटा'बद्दल अधिकृत म्हणावे असे मत कोणाचे? एकाचे नाही. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनची लेखनपुस्तिका, जी मानसशास्त्राबाहेरही शिक्षण, परिचर्या आणि समाजशास्त्रांत वापरली जाते, डेटा अनेकवचनी मानते. ब्रिटनच्या गार्डियन वृत्तपत्राची शैली एकवचनाची आहे. वॉल स्ट्रीट जर्नलने अनेकवचनाचा आग्रह 2012 मध्ये सोडला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने 2019 मध्ये वाचक पाहून वाटणी केली: सामान्य वाचकांसाठी लिहिताना एकवचन, शास्त्रीय आणि विद्यापीठीय लेखनात अनेकवचन. अमेरिकन केमिकल सोसायटीची पुस्तिका दोन्ही मान्य करते आणि निवड अर्थावर सोडते. सगळा संच एक वस्तू म्हणून समोर असेल, म्हणजे तो छापला, वाटला, जतन केला, तर एकवचन. वेगवेगळे निष्कर्ष म्हणून त्यांची तुलना चालली असेल तर अनेकवचन.

रसायनशास्त्रज्ञांची ही वाटणी मला सर्वांत समंजस वाटते, कारण ती शब्दाच्या आजच्या वागण्याशी जुळते. पण ती वापरण्यात एक धोका आहे. एकाच निबंधात दुसऱ्या पानावर 'डेटा इज स्टोअर्ड' आणि पाचव्या पानावर 'डेटा आर कंपेअर्ड' असे आले, तर परीक्षकाला त्यामागचा विचार दिसत नाही, दिसतो तो निष्काळजीपणा. म्हणून नवख्या लेखकाने आधी त्या नियतकालिकाच्या लेखकांसाठीच्या सूचना वाचाव्यात. तिथे काही सांगितलेले नसेल, तर त्याच नियतकालिकातले अलीकडचे दोन-तीन निबंध उघडून `data` हा शब्द शोधावा आणि त्याच्यापुढची क्रियापदे पाहावीत. तिथेही एकमत नसेल तर शास्त्रीय निबंधात अनेकवचन धरावे, कारण 'डेटा आर' पाहून ते खोडणारे परीक्षक थोडे आणि 'डेटा इज' पाहून अडणारे पुष्कळ. वृत्तपत्रासाठी किंवा संस्थेच्या माहितीपत्रकासाठी लिहिताना मात्र एकवचनच बरे. तिथे अनेकवचन वाचकाला कानाला खटकते आणि त्याचे लक्ष मजकुरावरून उडते.

अनेकवचन धरले की नुसते क्रियापद बदलून भागत नाही, आणि खरी घसरगुंडी इथेच होते. 'धिस'चे 'धीज' व्हावे लागते, 'इट'चे 'दे', 'हॅज'चे 'हॅव', 'शोज'चे 'शो'. ऐन वाक्यात 'धीज डेटा शोज' असे अर्धवट रूप फार वेळा सापडते, कारण लेखकाला 'धीज' आठवते आणि क्रियापद मागे राहते. याहून अवघड जागा परिमाणाच्या शब्दांची. अनेकवचन काटेकोरपणे पाळायचे तर 'लेस डेटा'च्या जागी 'फ्यूअर डेटा' आणि 'मच डेटा'च्या जागी 'मेनी डेटा' लिहावे लागेल. 'डेटा आर' लिहिणारे पुष्कळ जण इथे थांबतात आणि 'मच ऑफ द डेटा' असेच लिहितात. अशा जागी वाक्य फिरवणे उत्तम. 'लेस डेटा आर अव्हेलेबल' असे त्रिशंकू वाक्य लिहिण्यापेक्षा 'डेटा आर लिमिटेड' लिहिले की प्रश्नच उरत नाही.

आता एक परिच्छेद हातात घेऊन पाहू. निबंध कल्पित आहे, चुका मात्र नेहमीच्या आहेत. तीन खेड्यांतल्या शाळकरी मुलींच्या रक्तातील हिमोग्लोबिन तपासले, एका गटाला लोहाच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्याला दिल्या नाहीत. नियतकालिक अनेकवचन मानणारे आहे. लेखकाने परिच्छेद असा सुरू केला आहे: तीन खेड्यांतून 'डेटा वॉज कलेक्टेड'. ते 'वेअर' झाले. इतके सोपे आहे.

पुढचे वाक्य असे: तपासणीच्या दिवशी 'अ नंबर ऑफ गर्ल्स वॉज अ‍ॅब्सेंट'. लेखकाने विचार करून एकवचन केले आहे. 'नंबर' हा शब्द एकवचनी, म्हणून क्रियापदही एकवचनी. पण 'अ नंबर ऑफ' याचा अर्थ 'काही' किंवा 'बऱ्याच' इतकाच आहे. गैरहजर मुली होत्या, संख्या गैरहजर नव्हती. म्हणून 'वेअर'. दोन ओळींनंतर मात्र त्याने लिहिले आहे, 'द नंबर ऑफ अनीमिक गर्ल्स वेअर 41', आणि इथे उलट 'वॉज' हवे, कारण 41 ही ती संख्या आहे. 'अ' असेल तर बहुधा अनेकवचन आणि 'द' असेल तर एकवचन, ही खूण बहुतेक ठिकाणी उपयोगी पडते. 'अ टोटल ऑफ 120 गर्ल्स वेअर' आणि 'द टोटल वॉज 120' हेही याच चालीचे. मराठीत ही अडचण येत नाही, कारण 'मुलींची संख्या 41 होती' आणि 'बऱ्याच मुली गैरहजर होत्या' ही आपली दोन वाक्येच वेगळी आहेत. शंका आली की वाक्य मनात मराठीत करून पाहावे. क्रियापद कोणाकडे बघते आहे ते लगेच कळते.

तिसरे वाक्य रक्त घेण्याचे. प्रत्येकीकडून 'टू मिलिलीटर्स ऑफ ब्लड वेअर ड्रॉन'. दोन म्हटले की अनेकवचन, असे वाटणे साहजिक आहे. पण घेतले ते रक्त, आणि ते एकाच वेळी घेतलेली एक मात्रा आहे. मापाचे एकक पुढे कितीही आले तरी त्या मात्रेला इंग्रजी शास्त्रीय लेखनात एकवचन लावायची रीत आहे: 'वॉज ड्रॉन'. इथे मराठी माणसाची भाषा त्याला बरोबर उत्तर देते. आपण 'दोन लिटर दूध आणले' म्हणतो, 'पाच किलो साखर आणली' म्हणतो; क्रियापद दुधाशी आणि साखरेशी जुळते, दोनाशी किंवा पाचाशी नाही. या लेखकाने शाळेतल्या नियमाऐवजी स्वतःच्या मातृभाषेवर भरवसा ठेवला असता तर वाक्य नीट उतरले असते. एक अपवाद आहे. तेच द्रावण तीन वेळा वेगवेगळे घातले असेल, तर 'थ्री पोर्शन्स वेअर अ‍ॅडेड', कारण आता मोजायच्या गोष्टी तीन आहेत. टप्प्याटप्प्याने घातले की एकदम, हे रसायनाच्या प्रयोगात निर्णायक असू शकते, आणि ते कळवायचे काम इथे क्रियापदाच्या वचनावरही येते.

चौथे वाक्य जरा नाजूक आहे. 'द कंट्रोल ग्रुप वॉज ओल्डर अँड वेअर नॉट गिव्हन टॅब्लेट्स'. समूहवाचक नामांबाबत इंग्लंड आणि अमेरिका यांच्या सवयी वेगळ्या आहेत. अमेरिकेत 'ग्रुप', 'टीम', 'कमिटी' यांना जवळजवळ नेहमी एकवचन लागते. ब्रिटनमध्ये माणसे डोळ्यांसमोर असतील तर 'द टीम आर' सहज चालते. आपण ब्रिटिश वळणाचे इंग्रजी शिकतो आणि पुष्कळदा अमेरिकन नियतकालिकांना निबंध पाठवतो, त्यामुळे दोन्ही सवयी एका वाक्यात शिरतात. 'ग्रुप'ला आधी 'वॉज' आणि लगेच 'वेअर' हे मात्र दोन्ही देशांत चुकते. ही दुरुस्ती करताना मी वचनापाशी थांबत नाही, कारण खरा दोष अर्थाचा आहे. गट वयाने मोठा होता म्हणजे काय? गटाची सरासरी जास्त होती, की त्यातली प्रत्येक मुलगी मोठी होती? 'द मीन एज वॉज हायर इन द कंट्रोल ग्रुप' असे लिहिले की वय सरासरीला जोडले जाते. आणि गोळ्या गटाला देत नाहीत, मुलींना देतात. म्हणून दुसऱ्या भागात 'गर्ल्स इन द कंट्रोल ग्रुप वेअर नॉट गिव्हन'. वचनाचा घोळ नाहीसा झाला, आणि वाक्य आधी जे लपवत होते तेही उघड झाले.

यानंतर 'द मेजॉरिटी ऑफ गर्ल्स इज अनीमिक' येते. बहुसंख्य मुली, म्हणून 'आर'. टक्केवारी आणि अपूर्णांक याच नियमाने चालतात: 'ऑफ'नंतर काय येते ते पाहायचे. मुलींपैकी तीस टक्के असतील तर अनेकवचन, रक्तापैकी तीस टक्के असेल तर एकवचन. आणि डेटापैकी तीस टक्के? तिथे आपण सुरुवातीला जे ठरवले तेच. या निबंधात 'थर्टी पर्सेंट ऑफ द डेटा वेअर मिसिंग' असे होईल.

लांब वाक्यांत आणखी एक फसगत होते. 'द सेट ऑफ सॅम्पल्स कलेक्टेड फ्रॉम थ्री व्हिलेजेस' लिहिता लिहिता लेखक 'व्हिलेजेस'पाशी पोचतो आणि जवळच्या शब्दाशी क्रियापद जुळवून 'वेअर' लिहून मोकळा होतो. कर्ता 'सेट' आहे, तो तिथून सहा शब्द मागे राहिला. संगणकावरचा व्याकरणतपासनीस अशा जागा कधी पकडतो, कधी बरोबर वाक्यालाच लाल-निळी रेघ ओढतो, म्हणून त्याच्यावर विसंबू नये. निबंध पुरा झाल्यावर शोधाच्या चौकटीत `data` टाकून एकेक जागा पाहावी, मग `number of`, मग `group`. प्रत्येक जागी थांबून क्रियापद, 'धिस-धीज' आणि पुढच्या वाक्यातले सर्वनाम अशा तिन्ही गोष्टी पाहाव्यात. सर्वनाम बहुतेक निसटते, कारण ते एक पूर्णविराम ओलांडून पलीकडे गेलेले असते.

असे शोधत गेले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. 'डेटा' हा शब्द निबंधात गरजेपेक्षा फार जास्त वेळा आलेला असतो. आपल्या परिच्छेदाच्या शेवटी लेखक लिहितो, 'धीज डेटा सजेस्ट' की गोळ्यांचा उपयोग झाला. कोणता डेटा? हिमोग्लोबिनची दोनदा घेतलेली मापे, की मुलींच्या आहाराची माहिती, की गैरहजेरीचा तक्ता? तिन्हींना तो डेटाच म्हणत आला आहे. तिथे 'मेझरमेंट्स' किंवा 'रीडिंग्ज' लिहिले की वचनाबद्दल कोणाला शंका उरत नाही, आणि निष्कर्ष कशावर उभा आहे तेही दिसते. या परिच्छेदात 'डेटा' एकाच जागी ठेवण्यासारखा आहे, पहिल्या वाक्यात, जिथे माहिती गोळा केल्याचे सांगितले आहे आणि जिथे त्याचा अर्थ खरोखरच सगळी माहिती असा आहे. बाकीच्या जागी मापे, नोंदी आणि उत्तरे आपापल्या नावाने आली, तर अनेकवचन लागते ते या शब्दांना स्वतःच्याच हक्काने.